पहिल्या निरोपात फक्त पाऊस किंवा रहदारी असेल, तर उत्तर कसे द्यावे

मृत्युपत्र, बक्षीसपत्र, घराची वाटणी अशी कामे करणाऱ्या कार्यालयाच्या व्हॉट्सॲप क्रमांकावर अनोळखी माणसाचा पहिला निरोप पुष्कळदा असा येतो: "नमस्कार. आज पावसाने अगदी झोडपून काढले." किंवा "कर्वे रस्त्यावर आज पाय ठेवायला जागा नाही." त्यात प्रश्न नसतो, काम नसते आणि बहुधा नावही नसते. पुण्यात अशा कार्यालयांत निरोपांना उत्तरे देण्याचे काम करणाऱ्यांसाठी हा लेख आहे. दवाखाना, शिकवणी किंवा वृद्धसेवा चालवणाऱ्यांनाही यातले बरेचसे जसेच्या तसे वापरता येईल. काम नाजूक असते तेथे असे निरोप अधिक येतात, कारण ज्याला स्वतःच्या मरणानंतरची व्यवस्था विचारायची आहे किंवा भावाविषयी तक्रार करायची आहे, त्याला पहिल्याच ओळीत ते लिहिणे जड जाते.

असा निरोप नेमके काय करतो, हे आधी लक्षात घ्यावे. मानववंशशास्त्रज्ञ ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की यांनी १९२३ मध्ये अशा बोलण्याची वेगळी नोंद केली: त्यातून माहिती पोहोचवायची नसते, तर दोन माणसांमधले परकेपण कमी करायचे असते. हवामान आणि रहदारी त्यासाठी सोयीची असतात, कारण दोघांनाही ती सारखीच भोगावी लागतात, त्यांत कुणाचा दोष नसतो आणि सहमत होण्यासाठी कुणाला काही गमवावे लागत नाही. मात्र सहमतीही कमी-अधिक असते. संभाषणाचा बारकाईने अभ्यास करणाऱ्या अनिता पोमेरांट्झ यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले की एखाद्याने मत मांडल्यावर ऐकणाऱ्याने त्याच्याहून किंचित जोरकस शब्दांत दुजोरा दिला, तर ती पूर्ण सहमती वाटते. तेच शब्द परत म्हटले, तर दुजोरा ढिला वाटतो. आणि सौम्य शब्द वापरले, तर पुढे मतभेद येणार असे वाटू लागते. "आज फारच उकाडा आहे" या वाक्याला नुसते "हो, आहे" असे उत्तर मिळाले की लिहिणारा पुढे का लिहीत नाही, याचे कारण येथे सापडते.

पहिली पायरी उत्तर लिहिण्याच्या आधीची आहे, आणि ती म्हणजे हा शेरा आहे की खबर, हे ठरवणे. "नवले पुलाजवळ काय ही गर्दी!" हा शेरा आहे. "नवले पुलाजवळ अर्धा तास अडकलो आहे" ही खबर आहे, आणि ती पाठवणाऱ्याची त्या दिवशी पाच वाजताची भेट ठरलेली असेल, तर ती उशिराची सूचनाच आहे. तिला "हो ना, रोजचेच झाले आहे" असे उत्तर देणे म्हणजे सूचना वाचलीच नाही असे सांगणे. ओळखण्याची खूण सोपी आहे. वाक्यात बोलणारा स्वतः, एक ठिकाण आणि एक वेळ हे तिन्ही असतील, तर आधी आपली वही उघडून त्या क्रमांकाची आज काही वेळ ठरली आहे का ते पाहावे. ठरलेली असेल तर भेट थोडी उशिराही घेता येईल असे एका ओळीत कळवावे, आणि त्या ओळीला उत्तर द्यावे लागू नये अशी ती लिहावी, कारण समोरचा कदाचित गाडी चालवत असतो. "आपण निवांत या, सहापर्यंत आम्ही आहोत" एवढे पुरते, "किती वाजेपर्यंत पोहोचाल?" हे नको.

पावसाच्या बाबतीत या तपासणीला आणखी एक बाजू आहे. खडकवासला धरणातून मुठा नदीत पाणी सोडले की भिडे पूल पाण्याखाली जातो, ही पुणेकरांच्या रोजच्या गप्पांतली गोष्ट आहे. पण २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घराघरांत पाणी शिरले, आणि २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुरात माणसे गेली, तेव्हा तो गप्पांचा विषय राहिला नव्हता. म्हणून "पाणी सोसायटीच्या फाटकापर्यंत आले आहे" असे कुणी लिहिले, तर त्याला शेरा समजू नये. तेथे शिष्टाचार बाजूला ठेवून "आपण सगळे सुखरूप आहात ना? गरज पडल्यास ११२ वर फोन करा" असे सरळ लिहावे. याखेरीजच्या सर्व निरोपांना पुढच्या पायऱ्या लागू होतात.

दुसरी पायरी म्हणजे प्रत्यक्ष उत्तर. त्यात तीनच गोष्टी असाव्यात: नमस्कार, किंचित जोरकस दुजोरा आणि आपल्याकडचा एखादा खरा तपशील. "नमस्कार. आज तर त्याने कहरच केला. आमच्या टिळक रस्त्यावर दुपारी चारलाच दिवे लावावे लागले." येथे तपशिलाचे काम मोठे आहे. दुजोरा कुणीही यांत्रिकपणे देऊ शकतो, परंतु दुपारी दिवे लावल्याची गोष्ट वाचली की पलीकडे खिडकीबाहेर पाहणारे कुणीतरी आहे अशी खात्री वाचणाऱ्याला पटते. तपशील लहान असावा, स्वतःच्या जागेचा असावा आणि खरा असावा. आपल्या भागात पाऊस नसताना तो असल्याचे लिहू नये, कारण पुण्यात हे लगेच उघडे पडते. सह्याद्रीच्या माथ्यावर लोणावळ्याकडे वर्षाला ४००० मिलिमीटरच्या पुढे पडणारा पाऊस पुणे शहरापर्यंत येताना ७०० च्या आसपास उरतो आणि पूर्वेकडे आणखी घटतो; त्यामुळे बावधनला छत्री उलटत असताना हडपसरला रस्ते कोरडे असणे यात नवल काहीच नाही. अशा वेळी मतभेदसुद्धा दुजोऱ्याच्या चालीने लिहिता येतो: "आमच्याकडे हडपसरला अजून थेंब नाही, आमच्या वाट्याचाही तुमच्याकडेच आलेला दिसतो." यात समोरच्याचे म्हणणे खोडले जात नाही, उलट त्याच्या पावसाला एक साक्षीदार मिळतो.

लांबी समोरच्याइतकीच ठेवावी. एका ओळीला चार ओळींचे उत्तर गेले की त्याला आपण कमी लिहिले असे वाटते, आणि मग संकोचाने पुढचे राहून जाते. नुसता अंगठा किंवा हसरा चेहरा पाठवणेही टाळावे. परिचितांमध्ये तो चालतो, पण पहिल्या निरोपाला तो "पोहोचले, आता थांबा" असा वाचला जातो. हवामानाचे अंदाज तर मुळीच पुढे पाठवू नयेत. भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यात आले आणि त्या कार्यालयाजवळच्या चौकाला आपण अजूनही शिमला ऑफिस म्हणतो, परंतु तेवढ्याने प्रत्येक पुणेकराला अंदाज वर्तवण्याचा परवाना मिळाला, अशी आपली जी ठाम समजूत आहे ती कार्यालयाच्या क्रमांकावरून तरी आवरावी.

रहदारीच्या शेऱ्याला उत्तर देताना एक वेगळी चूक होते, आणि ती चांगल्या हेतूने होते. "चांदणी चौकात आज पुन्हा तेच" असे कुणी लिहिले की आपला हात लगेच पर्यायी रस्ता सांगायला सरसावतो. त्याने रस्ता विचारलेला नसतो. तो बहुधा घरी पोहोचून, पंख्याखाली बसून लिहीत असतो. सल्ला दिला की शेऱ्याची अडचण बनते, अडचणीवर तोडगा निघतो आणि संभाषण तेथेच मिटते. शिवाय तेथे वर्षानुवर्षे ये-जा करणाऱ्याला आपण रस्ता शिकवतो, हेही जरा जास्तच होते. "ते काही सुटायचे नाव घेत नाही, आमचे सहकारी सकाळी साडेनऊला निघून साडेदहाला उगवले" असे लिहिले तर विषय मोकळा राहतो.

तिसरी पायरी काय लिहू नये याची आहे, आणि सर्वाधिक गफलत येथेच होते. "कोणत्या कामासंदर्भात?" हा प्रश्न पहिल्या उत्तरात नसावा. कार्यालयाच्या दृष्टीने तो रास्त आहे, वेळ वाचवणारा आहे, आणि प्रत्यक्ष समोर आलेल्या माणसाला खुर्ची पुढे सरकवत "बोला" म्हटले तर ते आपुलकीचेच वाटते. लेखी निरोपात मात्र खुर्ची दिसत नाही आणि सूरही ऐकू येत नाही, म्हणून तोच शब्द खिडकीमागच्या कारकुनासारखा वाटतो. ज्याने मुद्दाम काम लिहिले नाही त्याला काम विचारणे म्हणजे त्याने निवडलेली चाल मोडून आपली लादणे होय. असा प्रश्न पडला की बहुतेक लोक "काही नाही, सहज" असे लिहितात. एकदा "सहज" लिहून झाले की नंतर खरे काम काढणे त्यांना अधिकच अवघड होते, कारण मग आधीचे वाक्य खोटे ठरते.

येथे यंत्रणेची एक अडचण लक्षात ठेवावी. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये `Business tools` या विभागात `Greeting message` नावाची सोय असते. ती चालू असेल तर पहिल्यांदा लिहिणाऱ्याला, किंवा १४ दिवस संपर्क नसलेल्याला, ठरवून ठेवलेला मजकूर आपोआप जातो. बऱ्याच कार्यालयांनी तेथे सेवांची यादी, शुल्काचा तक्ता आणि "आपला प्रश्न येथे लिहा" असे सारे भरून ठेवलेले असते. पावसाविषयी एक ओळ लिहिणाऱ्यावर ही यादी कोसळली की आपण नंतर लिहिलेले सौजन्याचे उत्तर व्यर्थ जाते. तो मजकूर कार्यालयाचे नाव आणि "निरोप मिळाला, आमच्यापैकी कुणीतरी तो वाचून उत्तर देईल" एवढाच ठेवावा.

चौथी पायरी म्हणजे दार किलकिले ठेवणे. दुजोऱ्यानंतर, शक्यतो दुसऱ्या फेरीत, आपण कोण आणि केव्हा भेटतो हे प्रश्न न विचारता सांगावे. ते हवामानाच्याच धाग्याने आले तर उत्तम: "आम्ही अकरा ते सहा कार्यालयात असतो, अशा पावसात बरेच जण फोनवरच बोलून घेतात." यातून लिहिणाऱ्याला चार गोष्टी कळतात: क्रमांक बरोबर आहे, माणसे बोलतात, यावे लागतेच असे नाही, आणि अजून काही सांगितले नाही म्हणून कुणी रागावलेले नाही. संबोधनाबाबत माझे मत थोडे जुन्या वळणाचे आहे. प्रत्यक्षात अनोळखी वयस्कर माणसाला "काका" म्हणणे पुण्यात सहज चालते, पण लेखी पहिल्या निरोपात वय ठाऊक नसते आणि पन्नाशीच्या बाईंना "काकू" वाचणे रुचेलच असे नाही. म्हणून "आपण" आणि नमस्कार पुरे. समोरच्याने स्वतःहून नाव लिहिले की पुढे आडनावाला "साहेब" किंवा नावाला "ताई" जोडता येते.

आता एक उदाहरण पूर्ण पाहू. ते नमुन्यादाखल रचलेले आहे, पण त्याची चाल नेहमीचीच आहे. जुलै महिना, संध्याकाळचे सात चाळीस. अनोळखी क्रमांकावरून निरोप येतो: "नमस्कार. आज पावसाने अगदी झोडपून काढले." त्यात ठिकाण नाही, बोलणारा स्वतः नाही आणि भेटीची नोंद नाही, म्हणून हा शेरा आहे. पूर्ण वाक्य आणि पूर्णविराम यांवरून लिहिणारी व्यक्ती वयाने मोठी असावी असा अंदाज येतो, मात्र तो अंदाज उत्तरात दिसू द्यायचा नाही. उत्तर जाते: "नमस्कार. आज तर त्याने उसंतच घेतली नाही. आमच्या जिन्यापर्यंत पाणी आले होते." दहा मिनिटांनी दुसरा निरोप येतो: "आमच्याकडे कोथरूडला वीजही गेली होती. हिला तर पावसात बाहेर पडणे अवघडच आहे."

हे दुसरे वाक्य थांबून वाचण्यासारखे आहे. पहिल्यांदाच घरातले माणूस आले, आणि तेही न येण्याच्या संदर्भात आले. घाई करणारा येथे "काय झाले आहे त्यांना?" असे विचारील आणि अनोळखी माणसाला पत्नीच्या आजारपणाचा तपशील द्यायला भाग पाडील. त्याऐवजी जेवढे आले तेवढ्यालाच उत्तर द्यावे: "खरे आहे, अशा दिवसांत न निघालेलेच बरे. आमच्याकडे अनेक जण आधी फोनवर बोलून घेतात आणि जमेल तेव्हा भेटतात. आम्ही अकरा ते सहा असतो." आता त्यांच्या अडचणीचा स्वीकार झाला आणि तिच्यावरचा मार्गही न विचारता समोर ठेवला गेला. तिसरा निरोप मग असा येतो: "एक विचारायचे होते. नवरा-बायकोचे मृत्युपत्र करायचे तर दोघांना बरोबरच यावे लागते का?"

पाऊस आणि काम हे येथे वेगळे नव्हतेच. पत्नीला घराबाहेर पडता येत नाही हीच मूळ अडचण होती आणि पहिल्या ओळीतला पाऊस तिचा भाग होता. काम आल्यावर मात्र घोळवत बसू नये. आतापर्यंतचा सैलपणा सोडून सरळ उत्तर द्यावे: दोघांनी स्वतंत्र मृत्युपत्रे केलेली बरी, बरोबर येण्याचे बंधन नाही, प्रत्येक मृत्युपत्रावर करणाऱ्याची आणि दोन साक्षीदारांची सही लागते, नोंदणी कायद्याने सक्तीची नाही, आणि मसुदा घरी पाठवून सह्यांसाठी पाऊस उघडल्यावर दिवस ठरवता येईल. शेवटच्या तुकड्यात पाऊस परत येतो तो सौजन्यापुरता नाही, तर तारीख त्याच्यावर अवलंबून आहे म्हणून.

यावरून प्रत्येक पावसामागे मृत्युपत्र असते असा निष्कर्ष काढू नये. पुष्कळ निरोपांमागे काहीच नसते, किंवा जे असते ते त्या दिवशी बाहेर येत नाही. म्हणून पाचवी पायरी थांबण्याची. आपल्या उत्तरानंतर शांतता पसरली तर ती भरू नये. समोरचा काही टाइप करत असल्याची खूण दिसली आणि नाहीशी झाली, तरी विचारणा करू नये. ज्याला खोडावेसे वाटले त्याला ते खोडू द्यावे. दुसऱ्या दिवशी "काल आपला निरोप आला होता, काही काम होते का?" असे लिहिणे म्हणजे तिसऱ्या पायरीतली चूक एक दिवस उशिराने करणे. अपवाद एकच: आपल्याकडे सांगण्यासारखे खरोखर नवे काही असेल, जसे की कार्यालय पुढचे चार दिवस बंद राहणार आहे, तर ते एकदा कळवावे आणि विषय सोडावा. उत्तर किती वेळात द्यावे, असे नवे कर्मचारी विचारतात. पावसाच्या शेऱ्याला पाऊस थांबण्याच्या आत उत्तर जावे, हा हिशेब माझ्या मते पुरेसा आहे, कारण दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडलेले असताना "हो, फारच पाऊस आहे" हे वाचायला विचित्र वाटते. उशीर झालाच तर आजच्या हवेचा उल्लेख करून लिहावे.

काही जण रोज लिहितात. सकाळी मळभ, दुपारी उकाडा, संध्याकाळी गारवा. काम कधीच निघत नाही. बहुधा ते एकटे असतात, आणि त्यांना तोडणे बरे वाटत नाही, परंतु कार्यालयाच्या क्रमांकावर दिवसभर साथ देणेही शक्य नसते. येथे दुजोरा ठेवावा आणि तपशील गाळावा. तपशील हे पुढे बोलण्याचे आमंत्रण असते, ते गेले की "हो, आज गारवा छान आहे. आपला दिवस चांगला जावो" एवढ्यावर देवाणघेवाण आपोआप पुरी होते आणि कुणाचा अपमान होत नाही.

एका प्रकारच्या निरोपाला मात्र यांतले काहीच लागू पडत नाही. अनोळखी, बऱ्याचदा परदेशी क्रमांकावरून "आज हवा किती छान आहे" अशा चालीचा निरोप येतो आणि मागोमाग ओळख वाढवून गुंतवणुकीच्या एखाद्या गटात ओढण्याचा प्रयत्न होतो. अशा निरोपातल्या हवेला गाव नसते. पुण्यातला माणूस दोन-तीन वाक्यांत कोथरूड, कात्रज किंवा हिंजवडीचे नाव घेतोच. फसवणूक करणारा तुम्ही कोठे आहात हे तुमच्याकडूनच काढून घेऊ पाहतो आणि लवकरच दुसऱ्या ॲपवर यायला सांगतो. केवळ ठिकाण नाही एवढ्यावरून कुणाला चोर ठरवू नये, वरच्या उदाहरणातल्या पहिल्या निरोपातही ते नव्हते. पण पैशाचा किंवा दुसऱ्या गटाचा विषय निघताच उत्तर थांबवून तो क्रमांक ब्लॉक करावा, आणि पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर त्वरित कळवावे.

एकाच क्रमांकावर दोघे-तिघे उत्तरे देत असतील, तर काम पुढच्या माणसाकडे सोपवताना नोंदीत गप्पाही एका ओळीत लिहाव्यात: "कोथरूड, पत्नीला पावसात बाहेर पडता येत नाही, मृत्युपत्राची चौकशी, नाव अजून सांगितलेले नाही." अशी नोंद नसली की सकाळच्या पाळीतला कर्मचारी त्याच गृहस्थांना "दोघांनी उद्या अकराला कार्यालयात या" असे लिहून मोकळा होतो.